पगार वाढला, मग हातात कमी का आले? पगारवाढीच्या पत्राचे दुसरे पान कसे वाचावे

पगारवाढीच्या पत्राच्या पहिल्या पानावर अभिनंदन आणि टक्केवारी असते, तर दुसऱ्या पानावर ‘ॲनेक्शर ए’ या मथळ्याखाली एक तक्ता असतो. पेढे पहिल्या पानावर वाटले जातात, पण बँकेत पगार जमा होतो तो दुसऱ्या पानाप्रमाणे. लोटे-परशुराम असो, रत्नागिरीजवळची मिरजोळे वसाहत असो की महाड, आपल्याकडे कारखाना इथे आणि पगाराचे धोरण ठरवणारे कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात, अशी मांडणी नेहमीचीच आहे. त्यामुळे तो तक्ता तिकडून ईमेलने येतो आणि इथल्या एचआरला विचारले, तर बहुधा ‘वरूनच तसे आले आहे’ एवढेच उत्तर मिळते. तो तक्ता स्वतःच सोडवता यावा, म्हणून एक उदाहरण आकड्यांसह शेवटपर्यंत नेऊ.

चिपळूणला राहणारी आणि लोट्याच्या एका रसायन कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक केमिस्ट धरू. तिची नोकरी सहा वर्षे पूर्ण झाली आहे. तिचा वार्षिक सीटीसी 4,80,000 रुपये होता. आठ टक्के वाढ मिळून तो 5,18,400 झाला. म्हणजे दरमहा 40,000 चे 43,200 झाले, 3,200 रुपयांची वाढ. प्रत्यक्षात खात्यावर पूर्वी 35,367 रुपये येत होते, ते आता 34,117 येऊ लागले. वाढ 3,200 ची आणि घट 1,250 ची. यात कोणी बेरीज चुकवलेली नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

सीटीसी म्हणजे तुम्हाला नोकरीत ठेवण्यासाठी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च. तुमच्या नावावर खर्च पडला, पण तुमच्या हातात कधी, किती आणि कोणत्या अटीवर पडेल, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही रक्कम दर महिन्याला खात्यावर येते, की माझ्याच नावाने कुठेतरी अडकून पडते, की अट पूर्ण झाली तरच मिळते?

तिचा जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवला, तर तो असा दिसतो. सर्व रकमा दरमहाच्या आहेत.

| घटक | जुने | नवे |
|---|---|---|
| मूळ वेतन (बेसिक) | 14,000 | 21,600 |
| घरभाडे भत्ता | 5,600 | 8,640 |
| विशेष भत्ता | 17,647 | 6,669 |
| पीएफ, कंपनीचा वाटा | 1,680 | 2,592 |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | 673 | 1,039 |
| समूह आरोग्य विमा | 400 | 500 |
| व्हेरिएबल पे | 0 | 2,160 |
| एकूण सीटीसी | 40,000 | 43,200 |

वरच्या तीन ओळींची बेरीज म्हणजे महिन्याचा ग्रॉस पगार. तो जुना 37,247 होता आणि नवा 36,909 आहे. म्हणजे कोणतीही कपात होण्याआधीच ग्रॉस 338 रुपयांनी घटला आहे. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ वजा होतो, जो पूर्वी 1,680 होता आणि आता 2,592 आहे. नंतर महाराष्ट्राचा व्यवसाय कर दरमहा 200 रुपये वजा होतो, जो फेब्रुवारीत 300 असतो आणि या बदलात जसाच्या तसा राहतो. उरतात ते 35,367 आणि 34,117.

आता 3,200 रुपये नेमके कुठे गेले ते पाहू. कंपनीच्या पीएफ वाट्यात 912 रुपये वाढले आणि तिच्या स्वतःच्या कपातीत तेवढेच 912 वाढले. ग्रॅच्युइटीच्या ओळीत 366 वाढले, विम्यात 100 वाढले आणि व्हेरिएबल पे म्हणून 2,160 नव्याने बाजूला काढले गेले. या सगळ्यांची बेरीज 4,450 होते. वाढ 3,200 ची आणि बाजूला काढलेले 4,450, म्हणून खिशातून 1,250 गेले. कोणतेही पत्र हाती आले की ही एक वजाबाकी आधी करावी. हिशेब रुपयाला रुपया जुळला पाहिजे. जुळला नाही, तर तक्त्यात किंवा पगारपत्रकात एखादी ओळ आपल्या नजरेतून सुटली आहे, असे समजावे.

या सगळ्याचे मूळ एका ओळीत आहे: बेसिक 14,000 वरून 21,600 वर गेले. आठ टक्के वाढीत बेसिक पन्नास टक्क्यांहून अधिक वाढावे, हे कंपनीच्या औदार्याने घडलेले नाही. वेतन संहिता, 2019 सह चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांतल्या ‘वेतन’ या व्याख्येनुसार घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, पीएफमधील मालकाचा वाटा असे काही ठरावीक घटक वेतनातून वगळता येतात, पण वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग परत वेतनात धरला जातो. ही कसरत दर महिन्याला करण्यापेक्षा बेसिकच सरळ निम्म्यावर नेऊन ठेवणे कंपन्यांना सोपे वाटते. इथे 43,200 च्या निम्मे म्हणजे बरोबर 21,600. कायद्यातला निम्मा भाग सीटीसीचा नसून मोबदल्याचा असतो, हा बारकावा अशा तक्त्यांत बहुधा पाळला जात नाही, पण त्यातून कर्मचाऱ्याचे नुकसान होत नाही.

जुना तक्ता निर्दोष होता, असेही नाही. बेसिक 14,000 आणि विशेष भत्ता 17,647, म्हणजे मूळ पगारापेक्षा भत्ताच मोठा. पीएफची वर्गणी कमी पडावी म्हणून केलेली ही जुनी युक्ती आहे. सर्वांना सरसकट मिळणारा, जादा कामाशी संबंध नसलेला विशेष भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. त्या निकालाच्या हिशेबाने तिची पीएफ कपात तेव्हाही निदान 15,000 रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे 1,800 रुपये असायला हवी होती. पत्रात ‘नव्या कायद्यामुळे रचना बदलत आहोत’ असे लिहिलेले असते. त्यात थोडे सत्य नव्या कायद्याचे असते आणि थोडे जुन्या दुर्लक्षाचे.

बेसिक वाढले की त्याला बांधलेले सगळे वाढते. त्यातला सर्वांत मोठा बदल पीएफमध्ये होतो आणि त्याच ओळीवर सर्वाधिक गैरसमज असतात. कर्मचाऱ्याचे बारा टक्के पूर्णपणे त्याच्या पीएफ खात्यात जातात. कंपनीचे बारा टक्के मात्र दोन ठिकाणी वाटले जातात. त्यांतले 8.33 टक्के, कमाल 15,000 रुपयांच्या वेतनावर, म्हणजे जास्तीत जास्त 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले पीएफ खात्यात पडतात. आपल्या उदाहरणात पूर्वी तिच्या पीएफ खात्यात दरमहा तिचे 1,680 आणि कंपनीचे 514 मिळून 2,194 रुपये जमा होत होते. पेन्शनमध्ये 1,166 जात होते. आता खात्यात 2,592 आणि 1,342 मिळून 3,934 जमा होतील आणि पेन्शनमध्ये 1,250 जातील. म्हणजे 4,450 मधले 1,824 रुपये कुठे नाहीसे झालेले नाहीत. ते तिच्याच नावावर आहेत, फक्त दूर ठेवलेले आहेत. 2024-25 साठी पीएफवर 8.25 टक्के व्याज जाहीर झाले होते, त्यामुळे ही रक्कम वाया गेली असे कोणी म्हणू नये. पण घराचा हप्ता पीएफ खात्यातून जात नाही, हेही तितकेच खरे.

इथे एक पर्याय आहे आणि पत्रात तो क्वचितच लिहिलेला असतो. पीएफची वर्गणी 15,000 रुपयांच्या वैधानिक मर्यादेपर्यंत सक्तीची आहे. त्यावरच्या बेसिकवर ती कापणे ऐच्छिक आहे. नव्या व्याख्येमुळे वेतन वाढले, तरी कपात या मर्यादेवरच होत असेल, तर हातात येणारी रक्कम घटत नाही, असे केंद्रीय कामगार मंत्रालयानेही डिसेंबर 2025 मध्ये स्पष्ट केले होते. कंपनीच्या धोरणात मुभा असेल, तर तिने पीएफ 15,000 वर ठेवावा अशी मागणी करता येते. तसे झाले, तर दोन्ही बाजूंचा वाटा 2,592 ऐवजी 1,800 होईल. तिच्या कपातीतले 792 वाचतील आणि कंपनीच्या वाट्यातलेही 792 वाचतील. मात्र कंपनीकडे वाचलेले हे 792 विशेष भत्त्यात आले पाहिजेत आणि सीटीसी 43,200 च राहिला पाहिजे. हे लेखी घेतले नाही, तर ‘पीएफ कमी केला’ म्हणता म्हणता सीटीसीच तेवढ्याने कमी होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ते नीट झाले, तर ग्रॉस 37,701 आणि हातात 35,701 रुपये पडतात, जुन्या पगारापेक्षा 334 रुपये जास्त.

कोणता पर्याय निवडावा, हे ज्याच्या त्याच्या घरखर्चावर अवलंबून आहे. दरमहा 1,584 रुपये पीएफमध्ये जास्त पडत राहिले आणि व्याजदर 8.25 टक्क्यांच्या आसपास राहिला असे धरले, तर वीस वर्षांत साडेनऊ लाखांच्या घरात रक्कम उभी राहते, ज्यात स्वतःकडून आणि कंपनीकडून मिळून भरलेले पैसे पावणेचार लाखांहून थोडेच अधिक असतात. घराचा हप्ता किंवा मुलांची फी अडत नसेल, तर मी पूर्ण बेसिकवरची वर्गणी ठेवा असेच सांगतो, कारण हातात आलेले दीड हजार रुपये वीस वर्षे कोणी बाजूला ठेवत नाही. पण निवड करायची असेल, तर ती नव्या रचनेचा पहिला पगार निघण्याआधी करावी. एकदा पूर्ण बेसिकवर वर्गणी सुरू झाली की मागे येणे अवघड जाते.

ग्रॅच्युइटीची ओळ अशी आहे की ती वाचून बहुतेक जण वैतागतात. दरमहा 1,039 रुपये सीटीसीत दाखवतात, पण हातात एक रुपया येत नाही. ही बेसिकच्या 4.81 टक्के इतकी हिशेबी तरतूद आहे आणि नियमित नोकरीत सलग पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय राजीनामा दिला, तर ती मिळत नाही. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांसाठी नव्या संहितेत ही अट एका वर्षावर आली आहे. ज्याची दोनच वर्षे झाली आहेत आणि ज्याला वर्षभरात मुंबई गाठायची आहे, त्याने ही ओळ आपल्या पगारात धरूच नये.

आपल्या केमिस्टची मात्र सहा वर्षे झाली आहेत आणि तिच्यासाठी याच ओळीत एक मोठा लाभ दडलेला आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर मोजली जाते: शेवटचे बेसिक गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पूर्ण वर्षे. जुन्या 14,000 बेसिकवर सहा वर्षांचे 48,462 रुपये होत होते. बेसिक 21,600 झाल्यावर त्याच सहा वर्षांचे 74,769 होतात. मागच्या सहा वर्षांत ज्या बेसिकवर काम केले त्याचा इथे संबंधच येत नाही, म्हणून एका पत्राने तिच्या नावावरची रक्कम 26,307 रुपयांनी वाढली. सीटीसीच्या तक्त्यात हा आकडा कुठेच दिसत नाही, कारण तक्ता फक्त चालू वर्षाचा खर्च दाखवतो. जुन्या माणसांनी या बदलावर रागावण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता व्हेरिएबल पे. नव्या रचनेत दरमहा 2,160, म्हणजे वर्षाला 25,920 रुपये, ‘कामगिरीनुसार’ या शब्दामागे गेले आहेत. हे पैसे महिन्याला येत नाहीत. वर्ष संपल्यावर, मूल्यमापन झाल्यावर येतात. तक्त्यात दाखवलेली रक्कम बहुधा शंभर टक्के मूल्यमापनाची असते. ऐंशी टक्के मिळाले, तर हातात 20,736 येतात. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक अट असते: रक्कम देण्याच्या तारखेला कर्मचारी हजेरीपटावर असला पाहिजे आणि नोटीस कालावधीत असला तर रक्कम देय नाही. मार्चपर्यंत मन लावून काम केले, जूनमध्ये राजीनामा दिला आणि रक्कम जुलैत वाटली गेली, तर वर्षभराचे व्हेरिएबल गेले. पत्र वाचताना ही तारीख शोधावी आणि सापडली नाही तर विचारावी.

तिच्या पत्रात याहून महत्त्वाची एक ओळ होती आणि ती तक्त्यात नसून सर्वांत शेवटच्या परिच्छेदात होती: ‘यापूर्वी देण्यात येणारी सर्व सानुग्रह रक्कम, बोनस व तत्सम लाभ यापुढे व्हेरिएबल पेमध्ये समाविष्ट समजले जातील.’ त्यांच्या कारखान्यात दरवर्षी गणपतीच्या आधी एका बेसिकएवढी रक्कम, म्हणजे 14,000 रुपये, मिळत असत. कोकणात या पैशांवर किती गोष्टी ठरतात ते सांगायला नको. मखरापासून मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या बाजारापर्यंत सगळे त्यातून निघते. ही रक्कम जुन्या सीटीसीत कुठेच नव्हती, म्हणून ती बंद झाल्याचे तुलनेतही दिसत नाही. पण ती धरून पुन्हा टक्केवारी काढली, तर जुना खर्च 4,94,000 आणि नवा 5,18,400, म्हणजे खरी वाढ आठ टक्क्यांची नसून पाच टक्क्यांहूनही किंचित कमी आहे.

वर्षाच्या हातात येणाऱ्या पैशांचा हिशेब तर अधिक बोलका आहे. जुन्या पद्धतीने बारा पगारांचे 4,24,404 आणि गणपतीचे 14,000 मिळून 4,38,404 रुपये येत होते. नव्या पद्धतीने बारा पगारांचे 4,09,404 आणि व्हेरिएबल पूर्ण शंभर टक्के मिळाले असे धरले तरी 25,920, म्हणजे एकूण 4,35,324. सर्व काही मनासारखे झाले, तरी वर्षाला 3,080 रुपये कमी. व्हेरिएबल ऐंशी टक्के मिळाले, तर 8,264 कमी. फेब्रुवारीतले व्यवसाय कराचे जादा शंभर रुपये दोन्हीकडे सारखेच असल्याने इथे सोडले आहेत. पीएफ 15,000 वर ठेवला, तर हेच चित्र उलटते आणि पूर्ण व्हेरिएबलसह वर्षाला 15,928 रुपये जास्त येतात. त्यामुळे महिन्याच्या पगारावरून निष्कर्ष काढण्याऐवजी वर्षाचा रोख हिशेब मांडावा. तुलना तिथेच खरी होते.

बोनसबाबत एक शंका आणखी विचारण्यासारखी आहे. जुन्या बोनस कायद्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा 21,000 रुपये ही पात्रतेची मर्यादा होती. वेतन संहितेत ही मर्यादा सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. तिचे नवे बेसिक 21,600 आहे, म्हणजे जुन्या मर्यादेच्या जेमतेम 600 रुपये वर. हा योगायोग असू शकतो. तरीही ‘माझा वैधानिक बोनसचा हक्क या बदलानंतर राहतो का’ हा प्रश्न लेखी विचारलेला बरा. व्हेरिएबल देणे-न देणे कंपनीच्या मूल्यमापनावर असते, तर वैधानिक बोनस कायद्याने ठरतो, आणि पत्रातल्या एका वाक्याने दोन्ही एकच झाले असे मानण्याचे कारण नाही.

आयकराचा या घटीशी संबंध नाही, हे थोडक्यात सांगून टाकतो. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरून 12.75 लाखांपर्यंतच्या पगारावर कर पडत नाही. पाच लाखांच्या सीटीसीत टीडीएस कापला गेला, तर कंपनीकडे करप्रणालीची निवड चुकीची नोंदली गेली आहे का, ते पाहावे. घरभाडे भत्ता 5,600 वरून 8,640 झाला म्हणून कर वाचतो, असे कोणी सांगितले, तर ते फक्त जुन्या करप्रणालीत आणि प्रत्यक्ष भाडे भरणाऱ्यांसाठी खरे आहे. वाडीतल्या स्वतःच्या घरातून कंपनीच्या बसने कामावर जाणाऱ्याला त्या ओळीचा करासाठी काहीही उपयोग नाही.

तिला खरा धक्का बसला तो जूनच्या पगाराला. पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आले, पण त्यात लागू होण्याची तारीख 1 एप्रिल होती. पगारवाढ मागील तारखेपासून मिळाली की फरकाची थकबाकी हातात येते, असा सर्वांचा अनुभव असतो. इथे फरक उणे होता. एप्रिल आणि मेचे पगार जुन्या रचनेने 35,367 प्रमाणे जमा झाले होते आणि नव्या रचनेने ते 34,117 असायला हवे होते, म्हणून दोन महिन्यांचे 2,500 रुपये जूनमध्ये वसूल झाले आणि खात्यावर 31,617 पडले. घरी वडिलांनी विचारले, ‘अगो, बढती झाली की दंड झाला?’ पेस्लिपवर ही वसुली ‘ॲरिअर्स’ या ओळीत उणे चिन्हासह एकत्रित आली होती आणि त्यातला पीएफचा भाग वेगळा दाखवलेला नव्हता. अशा वेळी एप्रिल आणि मे यांच्या सुधारित पेस्लिप मागाव्यात. मागणी आणखी एका मुद्द्याची करता येते: सीटीसीतील वाढ 1 एप्रिलपासून द्या, पण रचनेतला बदल पत्राच्या पुढच्या महिन्यापासून लागू करा. काही कंपन्या हे मान्य करतात, कारण मागच्या महिन्यांची पीएफ वर्गणी नव्याने भरण्याचा त्रास त्यांनाही नको असतो.

विचारायचे ते ईमेलनेच विचारावे आणि सर्व प्रश्न एकाच ईमेलमध्ये असावेत. तिने शेवटी पाठवलेला ईमेल साधारण असा होता: ‘नव्या रचनेत माझा मासिक निव्वळ पगार 35,367 वरून 34,117 झाला आहे. फरकाचे विवरण सोबत जोडले आहे, ते बरोबर असल्याचे कृपया कळवावे. पीएफ वर्गणी 15,000 रुपयांच्या मर्यादेवर ठेवण्याचा पर्याय उपलब्ध आहे का आणि तसे केल्यास कंपनीच्या वाट्यातील फरक विशेष भत्त्यात समाविष्ट होईल का? व्हेरिएबल पेची वाटपाची तारीख, मूल्यमापनाचे निकष आणि गेल्या वर्षी माझ्या श्रेणीला मिळालेले प्रमाण कळवावे. गणपतीपूर्वी मिळणारी सानुग्रह रक्कम यंदापासून बंद आहे का, हे स्पष्ट करावे.’ यात तक्रारीचा एकही शब्द नाही आणि प्रत्येक प्रश्नाला आकड्याने किंवा हो-नाहीनेच उत्तर द्यावे लागते. गेल्या वर्षीच्या प्रमाणाचा प्रश्न मुद्दाम आहे. पंचाण्णव टक्के आणि साठ टक्के यांत तक्त्यातल्या त्या 2,160 चा अर्थ पार बदलतो.

हे उत्तर येईपर्यंत पत्राच्या शेवटी सही मागितली असेल, तर ‘पत्र मिळाले’ आणि ‘अटी मान्य’ यांतला फरक लक्षात ठेवावा. कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांच्या वेतनाच्या अटी त्यांना बाधक ठरतील अशा रीतीने बदलायच्या असतील, तर मालकाने आधी नोटीस द्यावी, अशी तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. प्रयोगशाळेतले, पॅकिंगमधले किंवा मेंटेनन्समधले लोक पदनामात ‘एक्झिक्युटिव्ह’ असले, तरी कामाच्या स्वरूपावरून या व्याख्येत येऊ शकतात. कारखान्यात युनियन असेल, तर एकेकट्याने बोलण्यापेक्षा तिच्यामार्फत सर्वांचा मिळून तक्ता मांडलेला चांगला.

नव्या रचनेचे दोन पगार झाल्यावर पीएफचे पासबुक उघडून पाहावे. एखाद्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत कंपनीने भरायची असते, त्यामुळे नोंद थोडी उशिरा दिसते. पासबुकात प्रत्येक महिन्यापुढे पीएफसाठीचे वेतन आणि पेन्शनसाठीचे वेतन असे दोन वेगळे आकडे असतात. आपल्या केमिस्टच्या बाबतीत तिथे अनुक्रमे 21,600 आणि 15,000 दिसले पाहिजेत, आणि पुढच्या तीन रकान्यांत 2,592, 1,342 आणि 1,250. पगारातून 2,592 कापले गेले आणि पासबुकात पीएफचे वेतन अजून 14,000 च दिसत असेल, तर पेस्लिप नव्या रचनेची निघते आहे आणि भरणा जुन्या रचनेने होतो आहे. अशा वेळी दोन्हींच्या प्रती जोडून त्याच दिवशी एचआरला कळवावे. एप्रिल आणि मे या वसूल झालेल्या महिन्यांच्या फरकाची नोंदही तिथे वेगळी आली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.